अनुभव धागा: जन्मनोंदीत दिवंगत वडिलांचे नाव

धागाकर्ती: माझा जन्म १९८८ मध्ये आजोळी, सातारा जिल्ह्यातील एका गावी झाला. नोंदीत आईचे नाव आहे, वडिलांचा रकाना मात्र कोरा आहे. वडील आता हयात नाहीत. निबंधकांना द्यावयाच्या अर्जातला मुख्य भाग असा: “माझ्या जन्मनोंदीत वडिलांचे नाव राहून गेले आहे. जन्माच्या वेळी माझे आई-वडील विवाहित होते. विवाहाचा दाखला, वडिलांचा मृत्यू दाखला व माझा शाळा सोडल्याचा दाखला सोबत जोडला आहे. तरी नोंदीत त्यांचे नाव घ्यावे, ही विनंती.” असा अर्ज ज्यांनी केला आहे, त्यांनी अनुभव लिहावेत.

पुण्याहून: राजपत्रात नाव प्रसिद्ध करून घ्या, मग कोणी अडवणार नाही. माझ्या आडनावाचे काम तसेच झाले.

निवृत्त ग्रामसेवक: राजपत्रामुळे आपण नाव बदलल्याचे कळते, वडील कोण होते हे त्यावरून ठरत नाही. आपला मार्ग १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियमाच्या कलम १५ चा आहे. मूळ नोंद खोडली जात नाही. समासात दुरुस्ती लिहून निबंधक तारखेसह सही करतात. कोरा रकाना भरणे ही लेखनिकाची चूक मानली जात नाही, म्हणून खरी हकीकत माहीत असलेल्या दोन विश्वासार्ह व्यक्तींचे घोषणापत्र जोडावे लागते. अर्जात विवाहाची तारीख अवश्य लिहा, कारण विवाह कायम असताना जन्मलेले मूल त्या पतीचेच, असे कायदा गृहीत धरतो. वडील सही करायला नसताना सगळा भार याच कागदावर येतो, आणि आमच्याकडे आलेल्या बहुतेक अर्जांत नेमकी तीच तारीख नसे.

नाशिकहून: माझ्याही दाखल्यावर नाव नव्हते, शाळेचा दाखला दाखवताच ते चढवून दिले.

धागाकर्ती: आपल्या दाखल्यावर बहुधा आपले स्वतःचे नाव नसावे, त्यासाठी कलम १४ वेगळे आहे. माझे नाव नोंदीत आहे.

कोल्हापूरहून: माझ्या वडिलांचे नाव शाळेच्या दाखल्यात घरगुती रूपात होते आणि मृत्यू दाखल्यात पूर्ण. दोन्ही व्यक्ती एकच आहेत हे प्रतिज्ञापत्राने दाखवल्यावरच अर्ज पुढे सरकला, तेव्हा आपले सर्व कागद आधी शेजारी ठेवून अक्षरन् अक्षर पडताळा. चुलतभावांनी जमिनीच्या वादातून हरकत घेतली, तेव्हा मात्र निबंधकांनी नातेच वादात आहे म्हणून दिवाणी न्यायालयाकडे बोट दाखवले, आणि ते मला योग्यच वाटले.

धागाकर्ती: आमच्याकडे हरकत घेणारे कोणी नाही. घोषणापत्रावर एक सही आत्याची घेणार आहे. दुसरी आईची चालेल का?

निवृत्त ग्रामसेवक: नियमात आईला मनाई नाही, पण मी घरच्या दोघी घेत नसे. जन्माच्या वेळी शेजारी राहणारे कोणी हयात असेल तर त्यांची घ्या.

कोल्हापूरहून: आमच्याकडे आईची चालली.