डायव्हर्टरचं कार्ट्रिज फोटोवरून ओळखायचंय : ३५ की ४०?

कळंबा_दुसरा_मजला
बाथरूममध्ये भिंतीतला एका दांड्याचा डायव्हर्टर आहे. दांडा पूर्ण बंद केला तरी शॉवरमधून थेंब थेंब पडतंय. बारा वर्षांपूर्वीची फिटिंग, नाव पुसलंय, बिल्डरला विचारून उपयोग नाही. गच्चीवरचा कॉक बंद करून कार्ट्रिज बाहेर काढलंय आणि उलटं उभं करून वरून फोटो काढलाय. शेजारी टेबलावर दहाचं नाणं ठेवलंय. नाणं २७ मिमी धरून स्क्रीनवर मोजलं तर कार्ट्रिज ४० च्या जरा वर येतंय. ऑनलाइन ४० चं मागवू का?

शाहूपुरीकर
डोळे झाकून मागवा. बेसिनच्या नळाला ३५, भिंतीतल्या डायव्हर्टरला ४०, एवढंच लक्षात ठेवायचं. ४० ची सगळी सारखीच असतात, कंपनी बघायची गरज नाही.

पाना_पक्कड
थांबा, मागवू नका. तुमचा फोटोच फसवतोय.

नाणं टेबलावर आहे आणि कार्ट्रिजचं बूड टेबलापासून साधारण ४ सेंमी वर आहे. मोबाईल टेबलापासून ३० सेंमीवर धरला असेल तर नाणं ३० सेंमी लांब आणि बूड फक्त २६. जवळची वस्तू मोठी दिसते. ३० भागिले २६ म्हणजे १.१५ पट. ३५ ला १.१५ ने गुणा, ४०.२५ येतात. तुम्हाला आलेला आकडा नेमका हाच आहे, त्यामुळे मला हे ३५ चंच वाटतंय. पण माझ्या वाटण्यावर पैसे घालू नका, मोजा.

वहीच्या कागदाची बोटभर रुंदीची पट्टी कापा. कार्ट्रिजच्या मधल्या गुळगुळीत गोल भागाला एकदा घट्ट गुंडाळा, जिथं टोक भेटतं तिथं पेनानं खूण करा, मग पट्टी सरळ करून मोजा. ११० मिमीच्या आसपास आली तर ३५ चं, १२५-१२६ आली तर ४० चं. दीड सेंमीचा फरक आहे, साध्या शाळकरी पट्टीवरही चूक होत नाही. व्यास थेट मोजताना पट्टी मधून जरा सरकली तरी २-३ मिमी जातात.

बेसिनला ३५ आणि डायव्हर्टरला ४० हे बऱ्याचदा खरं असतं, म्हणून शाहूपुरीकरांना पूर्ण खोडत नाही. पण भिंतीत ३५ बसवलेलेही पुष्कळ आहेत. ‘४० ची सगळी सारखी’ हे मात्र चूक, त्यावर पट्टीचं माप आल्यावर लिहितो.

मंगळवारपेठ_वाडा
आमचा पण नळ गळतोय, स्वयंपाकघरातला. पाव फेऱ्यात उघडतो तो. दुकानदारानं स्पिंडल दिला, बसलाही, पण आता मूठ उलटी फिरते. यात पण ३५-४० बघायचं का?

पाना_पक्कड
नाही, तुमचं प्रकरण वेगळं. त्यात डावं-उजवं असतं. जुना ज्या दिशेनं बंद होत होता त्याच दिशेचा मागा. शिवाय मूठ बसते त्या टोकाचे दात मोजा, २० आणि २४ दोन्ही मिळतात. वेगळा धागा काढा, इथं गोंधळ होईल.

कळंबा_दुसरा_मजला
पट्टी १११ आली! म्हणजे ३५. बरं झालं विचारलं. पण आता ३५ चीच तीन-चार तऱ्हेची दिसतायत. किंमत सोडून फरक कळत नाही.

पाना_पक्कड
आता बुडाकडं बघा, खरी ओळख तिथंच आहे. तीन भोकं दिसतील. दोन गरम आणि थंड पाण्याची, तिसरं बाहेर जाण्याचं. प्रत्येकाभोवती रबर आणि कडेला दोन बारीक खुंट्या. आता डोळ्यांच्या रेषेत आडवं धरा. बूड सरळ सपाट संपतं, की खाली आणखी एक टप्पा, पायासारखा, निघालाय? सपाट बुडाच्या जागी पाय असलेलं घातलं तर ते वर उचललेलं राहतं आणि नटाचे आटे धरत नाहीत. उलट केलं तर रबर तळाला टेकतच नाही, आणि डायव्हर्टर भिंतीत असल्यानं ते पाणी प्लेटच्या मागं मुरतं. ओल दिसेपर्यंत महिना जातो.

खुंट्यांचं अंतर, त्या भोकांच्या कुठल्या बाजूला आहेत आणि दांड्याशिवायची उंची, एवढं जुळायला हवं. वरचा चौकोनी दांडाही मोजा. जाडीत एक मिमीचा फरक असला तर मूठ एक तर बसत नाही, नाही तर हलत राहते.

नवीन फोटो दोन काढा. एक बुडाचा. यावेळी नाणं बुडावरच ठेवा, म्हणजे दोन्ही एकाच उंचीवर येतील, आणि मोबाईल मीटरभर लांब धरून झूम करा. दुसरा आडवा, कार्ट्रिज पट्टीला चिकटवून. मुठीच्या फोटोचा उपयोग नाही, एकाच मुठीखाली दोन्ही मापं निघतात.

शाहूपुरीकर
एवढा खटाटोप कशाला? लक्ष्मीपुरीत जाऊन जुनं काउंटरवर ठेवा, तो देईल की जोडीचं.

पाना_पक्कड
तेही चालेल, जुनं हातात असताना तोच सोपा रस्ता. फक्त दुकानात दोन्ही बुडं समोरासमोर टेकवून बघा. खुंट्या आणि भोकं आरशासारखी जुळली पाहिजेत. नुसतं ‘३५ चं द्या’ म्हणू नका.

आणि आणायच्या आधी जुन्याची रबरं काढून धुवा. बोअरचं पाणी असेल तर खालच्या बैठकीत पांढरा खर बसलेला असतो. एक कण रबराखाली अडकला तरी थेंब पडतात. खर व्हिनेगरमध्ये भिजवलेल्या कापडानं पुसून काढा, स्क्रू ड्रायव्हरनं खरवडू नका. बैठकीवर ओरखडा गेला तर नवीन कार्ट्रिजही गळेल.

कळंबा_दुसरा_मजला
बोअरचंच पाणी आहे आणि खर भरपूर होता. साफ करून जुनंच परत घातलं, थेंब कमी झाले पण थांबले नाहीत. म्हणजे आतल्या चकत्याच गेल्यात ना? बूड सपाट आहे. दुकानातलं बुडाला तंतोतंत जुळलं, पण उंची जुन्यापेक्षा साधारण एक मिमी कमी वाटतेय. नट तेवढं आवळलं तर भागेल का?

पाना_पक्कड
खर काढूनही पडतंय म्हणजे चकत्या, किंवा कडक झालेली रबरं. बाहेरून सांगता येत नाही. एक मिमीचं नटाच्या आट्यांवर अवलंबून आहे. नट खाली टेकायच्या आधी कार्ट्रिज दाबलं गेलं तर चालेल. नट बैठकीला टेकलं आणि कार्ट्रिज बोटानं हलतंय, तर परत करा. जोर लावून आवळायचं नाही, मूठ जड होते आणि प्लास्टिकचं अंग चिरतं. प्लेट न लावता पाणी सुरू करा, दांडा मधोमध ठेवून शॉवरचं तोंड बंद धरा, आणि नटाभोवती टिश्यू गुंडाळून अर्धा तास बघा.

शाहूपुरीकर
एक मिमीनं काही होत नाही, मी तर बसवूनच टाकलं असतं.

कळंबा_दुसरा_मजला
दुकानदार दोन दिवसांत बदलून देतो म्हणालाय. उद्या सकाळी टाकी भरली की टिश्यू लावून बघते.