सव्वादोन वर्षांची मुलगी, दिवसभर रिपरिप आणि मोबाइल: किती वेळ चालेल?

इंदिरानगरची आई: मी सातपूरला कामाला, घरी यायला साडेसहा होतात. सासूबाई सांभाळतात. पावसामुळे बागेत नेता येत नाही. चारला झोपून उठली की मी येईपर्यंत मोबाइल, आणि तोच दाखवत वरणभात भरवायचा. किती वेळ चालेल? त्याऐवजी काय करता येईल?

पंचवटीकर: काही होत नाही हो. आमचा मुलगा व्हिडिओ बघूनच रंग आणि आकडे शिकला, तेही इंग्रजीत.

बालरोगवाले काका: रंग म्हणून दाखवणं वेगळं आणि तहान लागल्यावर "पाणी दे" म्हणणं वेगळं. दोन वर्षांनंतरही दोन शब्द जोडत नसेल किंवा हाकेला बघत नसेल, तर नुसता मोबाइलला दोष देऊन थांबू नका, तपासून घ्या.

आता वेळेचं. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये दोन ते चार वर्षांसाठी दिवसाला जास्तीत जास्त एक तास सांगितलाय, कमी तितकं बरं. पण मला अडीच तासांपेक्षा वरणभात जास्त खटकला. डोळे पडद्यावर असले की पोट भरलेलं कळत नाही, आणि पुढे मोबाइलशिवाय तोंडच उघडत नाही. म्हणून आधी जेवणातला मोबाइल बंद करा. तीन-चार दिवस रडेल, कमी खाईल. रडल्यावर मोबाइल दिलात, तर रडलं की मिळतो हेच शिकेल.

मग साडेपाचला अर्धा तास, शक्यतो टीव्हीवर, आजीसोबत. दोन गोष्टी आधीच ठरवा आणि ऑटोप्ले बंद ठेवा. गोष्ट मध्येच तोडली तर आकांत होतो, ती संपल्यावर बंद केली तर कमी. झोपण्याआधीच्या तासात काहीच नको.

चौथीतल्याचा बाबा: आमचा गेम सोडत नाही, पासवर्ड कसा लावायचा?

सिडकोची आजी: डॉक्टरांचं सांगणं सोपं. गुडघे दुखत असताना पोरामागे कोण धावणार? मी राजमा-चवळी एकत्र करून निवडायला देते, अर्धा तास गप्प.

बालरोगवाले काका: आजी, युक्ती झकास, पण दाणे नकोत. या वयात ते नाकात जातात, घशात अडकतात. कांदे-बटाटे वेगळे करू द्या. तुम्ही खुर्चीत बसा, तिला कणकेचा गोळा द्या. किंवा परातीत बोटभर पाणी आणि दोन वाट्या. मात्र नजर तिच्यावरच ठेवा आणि खेळ संपला की पाणी लगेच ओता. भरलेली बादली तर जवळ नकोच.

पंचवटीकर: त्यापेक्षा गोदेचा पूर दाखवायला न्या! दुतोंड्या मारुती किती बुडाला ते बघेल.

सिडकोची आजी: पुराच्या गर्दीत सव्वादोन वर्षांचं लेकरू? डोकं ठिकाणावर आहे का?

इंदिरानगरची आई: कणीक आजच देते. पण सासऱ्यांच्या बातम्या दिवसभर चालू असतात, त्या मोजायच्या का?

बालरोगवाले काका: मोजायच्या. ती बघत नसली तरी त्या आवाजात मोठी माणसं तिच्याशी कमी बोलतात.

पंचवटीकर: आधी सासऱ्यांचा टीव्ही बंद करून दाखवा, मग पोरीचं बघू.