मदत हवी आहे: आईचं पोटातलं इंजेक्शन बंद करून हेपारिनचा पंप का लावला?

वर्धारोडवाला
आईला परवा रात्री अटॅक आला, धंतोलीत आयसीयूत आहे. दोन दिवस पोटात रक्त पातळ करायचं एनॉक्सापॅरिन ६०, सकाळ-संध्याकाळ. आज अचानक ते बंद करून जुन्या हेपारिनचा पंप, आणि म्हणे दर सहा तासांनी रक्त काढणार. आधी एकदाही तपासणी नव्हती! बिल वाढवायचे धंदे आहेत का? लवकर सांगा.

संत्राबर्फी
सरळ नाही म्हणा भाऊ. नव्या इंजेक्शनला तपासणी लागतच नाही, म्हणून तर ते आलं. पंप म्हणजे जुना जमाना.

रात्रपाळी_आयसीयू
वय, वजन, क्रिएटिनिन?

वर्धारोडवाला
७८, ४८ किलो, १.६. किडनी "थोडीशी" म्हणाले. पण प्रश्न हार्टचा आहे.

रात्रपाळी_आयसीयू
प्रश्न किडनीचाच आहे. १४० मधून ७८ वजा करा, ४८ ने गुणा, ७२ गुणिले १.६ ने भागा, बाई म्हणून ०.८५ ने गुणा. किडनीची गाळणी मिनिटाला जेमतेम २२ मिली येते. एनॉक्सापॅरिन लघवीवाटे जातं, त्यामुळे ३० च्या खाली ते साठत जातं. तिथे किलोला १ मिलिग्रॅम, तेही दिवसातून एकदाच, म्हणजे ५० च्या आसपास. आईंना रोज १२० गेलं. हेपारिन किडनीवर तेवढं अवलंबून नसतं, पंप थांबवला की काही तासांत असर उतरतो, शिवाय प्रोटामिनने पूर्ण उलटवता येतं. एनॉक्सापॅरिन अर्धवटच उलटतं. संत्राबर्फी, तपासणी लागत नाही हे ठणठणीत किडनीवाल्यांसाठी खरं.

मानेवाडा_काका
माझ्या वडिलांचा आयएनआर १.४ होता, पालक बंद केला न् जागेवर आला.

रात्रपाळी_आयसीयू
काका, ते वॉरफेरिनच्या गोळीचं. इथे एपीटीटी, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते बघतात. हेपारिन प्रत्येकाच्या रक्तातल्या प्रथिनांना कमीजास्त चिकटतं, म्हणून एकाच डोसचा असर सारखा नसतो. नॉर्मलच्या दीड ते दोन पट वेळ आला की ठीक. वर्धारोडवाला, शेवटचं इंजेक्शन किती वाजता? पंप कधी?

वर्धारोडवाला
इंजेक्शन सकाळी ८ ला. पंप दुपारी १ ला.

रात्रपाळी_आयसीयू
हे मात्र मला पटलं नाही. पुढच्या डोसची वेळ होईपर्यंत थांबायचं असतं, आणि या किडनीत ती वेळ उद्या सकाळची. आत्ता दोन्ही एकावर एक चढताहेत, आणि एपीटीटीत आधीच्या औषधाचा भार नीट दिसत नाही. याच दोन औषधांची तुलना करणाऱ्या २००४ च्या सिनर्जी चाचणीतही मधेच औषध बदललेल्यांत रक्तस्राव जास्त दिसला होता. भांडू नका, ड्यूटी डॉक्टरांना या दोन वेळा सांगा. हिमोग्लोबिन किती उतरलं? पोटावर नुसते निळे डाग की टणक, दुखरी गाठ?

संत्राबर्फी
पण तिथल्या डॉक्टरांनी विचार केलाच असेल ना?

रात्रपाळी_आयसीयू
केला असेल. विचारायला काय जातंय?

वर्धारोडवाला
पंप बंद केला, सकाळी बघू म्हणाले. हिमोग्लोबिन ११.२ वरून ९.४. डाव्या बाजूला लिंबाएवढं टणक लागतंय, सोनोग्राफीला नेताहेत. उद्याच्या अँजिओचं कोणी बोलेना.

मानेवाडा_काका
रक्तदाता लागला तर सांगा, ओ पॉझिटिव्ह आहे. गाडी मात्र गल्लीत लावू नका, उचलतात.