मदत हवी आहे: मोठ्या शास्त्रज्ञांच्या पोस्टवर कमेंट कशी लिहावी?

नमस्कार मंडळी. मी रावेर भागात केळीवर काम करणारा कृषी पदवीधर. लिंक्डइनवर केळीतले नामवंत रोगतज्ज्ञ लिहितात, त्यांच्या नजरेत माझं काम यावं असं मनापासून वाटतं.

"छान माहिती, सर" अशा कमेंटला फक्त लाईक येतो, पुढे काही नाही. परवा केळीच्या हरण्या या विषाणूजन्य रोगावरच्या एका पोस्टवर मी बांधावरचं लिहिलं: जून-जुलैत लावलेल्या मृगबागेत काकडीवर्गीय आंतरपीक असलेल्या शेतात रोगट झाडं जास्त दिसली. मावा काही क्षणांतच विषाणू पोचवतो, त्यामुळे नुसत्या फवारणीने भागलं नाही. रोगट झाडं लवकर उपटली तिथे प्रसार कमी दिसला. शेवटी विचारलं, बांधावरचं कोणतं तण आधी काढावं? सरांनी उत्तर दिलं आणि "रोगाची लागण कोणत्या आठवड्यात?" असं उलट विचारलं.

आता अडलंय ते इथे. तिथेच सगळी माहिती द्यावी, की थोडक्यात सांगून फोटो आणि नोंदी मेसेजवर पाठवू का असं विचारावं? कनेक्शन रिक्वेस्ट लगेच पाठवली तर आगाऊपणा वाटेल का? शेतकऱ्याचं नाव-गाव तर मी देणारच नाही. ज्यांची अशी ओळख पुढे कामापर्यंत गेली, त्यांनी कृपया सांगा.