मदत हवी आहे: कथेतलं कृत्रिम मन एकतर कोरडं होतंय, नाहीतर विदूषक

ऐरोलीवाली

नमस्कार मंडळी. दिवाळी अंकासाठी एक दीर्घकथा लिहितेय आणि एका पात्रापाशी अडले आहे.

कथा वाशीतल्या एका धारण तलावावर, म्हणजे भरतीच्या वेळी पावसाचं पाणी साठवून ठेवणाऱ्या तलावावर घडते. पावसाळी रात्र, मोठी भरती, पंपघरात रात्रपाळीचे शिंदे आणि पंप सांभाळणारं एक कृत्रिम मन. कामगार त्याला 'नाना' म्हणतात. शिंद्यांची आई जवळच्याच चाळीत तळमजल्यावर राहते. धुवांधार पाऊस पडत असताना फिरता डिझेल पंप आपल्या तलावावर ठेवायचा की बेलापूरला पाठवायचा, हे नानाला ठरवायचं आहे.

पहिल्या खर्ड्यात नाना असा बोलतो:

«शिंदे, तुमचा आवाज कापत आहे. कारण मला अज्ञात आहे. भरती ४.७ मीटर. पंप बेलापूरला पाठवणे इष्टतम.»

नवऱ्याने वाचून विचारलं, हा रेल्वे स्टेशनवरचा भोंगा आहे का? म्हणून दुसऱ्या खर्ड्यात मोकळा केला:

«काय शिंदे, आज पाऊस काय थांबत नाही बुवा! मलाही एकदा भिजून बघायचंय हो, कसं वाटत असेल?»

आता तो लहान मुलांच्या कार्यक्रमातला यंत्रमानव झाला. मला हवंय ते असं, की याचं डोकं आपल्यासारखं चालत नाही हे वाचकाला जाणवावं, पण तो शिंद्यांच्या बाजूने आहे याबद्दल शंका राहू नये. काय करू?

महापे_बस

सोपं आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेचे हे सगळे प्रोग्राम, ज्यांना मॉडेल म्हणतात, पुढचा शब्द कोणता येईल याचा अंदाज बांधतात, बास. आत भावना वगैरे काही नाही. त्यामुळे तुमचा पहिला खर्डाच बरोबर आहे. वाचकाला कोरडं वाटलं तर वाटू दे, वस्तुस्थिती तीच आहे.

घोडबंदर_रात्रपाळी

महापे, अर्ध्यापर्यंत तुमच्याशी सहमत. पुढच्या शब्दाचा अंदाज, हे बरोबर. पण अंदाज कशावरून शिकलेला? माणसांनी लिहिलेल्या अफाट मजकुरावरून. त्यात पत्रं आली, भांडणं आली, सांत्वनं आली. असं मन 'इष्टतम', 'अज्ञात' असं बोलणारच नाही. उलट ते गरजेपेक्षा गोड बोलेल, समोरच्याच्या होला हो मिळवेल. माझं रोजचं काम याच मॉडेल्सवर आहे आणि आमची निम्मी डोकेदुखी त्यांच्या गोडव्याची असते. आत भावना आहेत की नाहीत हा वाद बाजूला ठेवू, तो इथे मिटणार नाही. पण भोंग्याचा आवाज ही जुन्या सिनेमांतली सवय आहे, वस्तुस्थिती नव्हे.

ऐरोलीताई, म्हणून मी म्हणेन की वेगळेपण आवाजात शोधू नका. नानाला छान, साधं मराठी बोलू द्या. वेगळेपण त्याच्या परिस्थितीत आहे. उदाहरणार्थ, त्याला कालची रात्र आठवते का?

ऐरोलीवाली

आठवते असंच धरलंय. काल शिंद्यांनी त्याला आईच्या गुडघ्याबद्दल सांगितलं होतं, तो आज त्याची चौकशी करतो.

घोडबंदर_रात्रपाळी

इथेच सोनं आहे. आजच्या मॉडेलला एक संभाषण संपलं की ते आपोआप आठवत नाही. शिकून झालेलं मॉडेल तसंच्या तसं राहतं. नव्या संभाषणात त्याच्यासमोर जेवढा मजकूर ठेवाल तेवढंच त्याचं 'काल'. आठवण हवी असेल तर कुणीतरी नोंद लिहून ठेवावी लागते आणि ती पुढच्या वेळी त्याला वाचायला द्यावी लागते. नोंदीची जागाही अमर्याद नसते.

आता तुमची कथा बघा. प्रत्येक पाळीच्या शेवटी नाना पुढच्या पाळीच्या नानासाठी टिपण लिहितो. पाणीपातळी, कोणता पंप गरम होतोय, गाळ कुठे साचलाय. जागा थोडी. त्यात काल त्याने एक ओळ लिहिली: 'शिंद्यांच्या आईचा डावा गुडघा दुखतो, त्यांना एकटीला जिना चढवत नाही.' आज ती ओळ वाचणाऱ्या नानाला ते संभाषण आठवत नाही. आपणच लिहिलंय एवढं कळतं, पण का लिहिलं हे त्याला त्या ओळीवरूनच ओळखावं लागतं. आणि पाणी चढायला लागलं की कळतं: तळमजला, जिना, गुडघा.

यात 'मला काळजी वाटते' असं म्हणावंच लागत नाही. पंपाच्या टिपणात त्याने गुडघ्याला जागा दिली. माणूस असं वागणार नाही, कारण माणसाला ते लिहावंच लागत नाही.

आणखी एक. दोन निरोपांमधला वेळ त्याला जाणवत नाही. शिंदे चहा पिऊन दहा मिनिटांनी बोलले काय किंवा दोन तासांनी, त्याला घड्याळ दाखवलं नाही तर दोन्ही सारखंच. 'मी तुमची वाट बघत होतो' हे वाक्य असेल तर काढा.

ऐरोलीवाली

आहे. तीन ठिकाणी आहे. काढते!

सिडकोचा_जुना_माणूस

ऐरोलीताई, मी निवृत्त आहे, पाणी आणि नाले यांत आयुष्य गेलं. तुमच्या कथेत नाना दरवाजे उघडतो का? तसं लिहिलं असेल तर चूक आहे. आपल्याकडच्या धारण तलावांच्या तोंडाशी झडपा असतात, वरून बिजागरीवर टांगलेल्या. खाडीचं पाणी चढलं की त्या दाबानेच त्या बंद होतात आणि भरतीचं पाणी आत येत नाही. तेवढा वेळ पावसाचं पाणी तलावात साठतं. ओहोटी लागून खाडी उतरली की आतलं पाणी झडप ढकलून बाहेर जातं. बटण नाही, मोटार नाही. नवी मुंबईचा बराच भाग मोठ्या भरतीच्या पातळीखाली आहे म्हणून ही व्यवस्था केली. भरती आणि ओहोटीत सहा तासांहून थोडा जास्त वेळ असतो, तेवढं पाणी तलावाने पोटात ठेवायचं. आता गाळ आणि कांदळवनामुळे पोट लहान झालंय. कांदळवन तोडायला उच्च न्यायालयाची परवानगी लागते, त्यामुळे साफसफाईही सहज होत नाही.

बिघडतं कुठे? झडपेत लाकूड, गादी, प्लॅस्टिक अडकतं. मग ती भरतीत पूर्ण मिटत नाही आणि खाडी आत येते. पाऊस तेवढाच असून तलावाची पातळी अंदाजापेक्षा भराभर चढायला लागली की समजायचं, झडप अडकली. तिथे कुठलं मन काय करणार? माणसाला टॉर्च घेऊन जावं लागतं.

तुम्ही वेगळं विचारलं होतं बहुतेक. पण हे लिहावंसं वाटलं.

घोडबंदर_रात्रपाळी

काका, तुम्ही नकळत पात्रच उभं केलंत. नानाला आकड्यांवरून कळतं की झडप अडकली, पण त्याला हात नाहीत. शिंद्यांना कळत नाही, पण ते जाऊ शकतात. दोघं एकमेकांना पूरक ठरतात. मग भिजायची हौस वगैरे लागत नाही.

महापे_बस

बरं, आवाजाचं मान्य. पण मग पंपाच्या निर्णयात वेगळेपण कुठे? आकडेमोड तर माझा एक्सेलही करतो.

घोडबंदर_रात्रपाळी

चांगला प्रश्न. एकच मॉडेल एका वेळी कितीही ठिकाणी चालू शकतं. म्हणजे बेलापूरलाही नानाच आहे. स्वभाव तोच, शिक्षण तेच, फक्त समोरची माहिती वेगळी. वाशीच्या नानाला शिंद्यांची आई माहीत आहे. बेलापूरच्या नानाकडे त्याच्या रात्रपाळीवाल्याने सांगितलेलं दुसरंच काहीतरी आहे. पंप एकच. दोन माणसं असती तर 'माझा तलाव, तुझा तलाव' झालं असतं. इथे दोघंही आपापली टिपणं एकमेकांपुढे ठेवतात, कारण दुसऱ्याला हरवून कुणाचाच फायदा नाही. आणि शिंद्यांचं एक वाक्य बोलून होण्याआधी ठरतं: पंप बेलापूरला.

आता शिंदे विचारतात, का? इथे दोन मोह टाळा. आकडे फेकणं हा पहिला, गहिवरणं हा दुसरा. मी असं लिहीन:

«पंप बेलापूरला जातोय. तिथे एक झडप उघडीच राहिली आहे, आपल्याकडच्या दोन्ही मिटल्या आहेत. आपल्याकडे पाणी साधारण पावणेचारला चाळीच्या उंबऱ्याला लागेल असं दिसतंय. आता दोन वाजलेत. शिंदे, आईंना वर न्यायला माणूस लागेल, त्यांना जिना एकट्याने चढवत नाही असं टिपणात आहे. तुम्ही जा. तोवर इथलं काही अडलं तर सुपरवायझरना फोन जाईल.»

तो पंप देऊन टाकतो आणि शिंद्यांना वेळ देतो. बाजू कुणाची हे सांगावं लागत नाही.

ऐरोलीवाली

हे वाचून अंगावर काटा आला. पण शिंदे चिडून म्हणाले, 'तुझ्या आईचं घर असतं तर?' तर?

घोडबंदर_रात्रपाळी

तर त्याला खोटं बोलू देऊ नका. आणि एक बारीक गोष्ट वापरता येईल. अशा मॉडेलला 'तू हे कसं ठरवलंस' विचारलं की ते नीटनेटकं कारण सांगतं, पण आत खरंच तसंच घडलं असेल याची खात्री नसते. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका तपासणीत हे दिसलं. मॉडेलला ३६ आणि ५९ यांची बेरीज विचारली. कशी केलीस म्हटल्यावर त्याने शाळेतली हातचा घेण्याची रीत सांगितली. आत मात्र एक वाट ढोबळ उत्तर काढत होती, दुसरी फक्त शेवटचा अंक, आणि दोन्ही जुळून ९५ आलं. आपणही मागाहून कारणं रचतोच म्हणा. पण नानाला ही गोष्ट स्वतःबद्दल माहीत असू शकते. तो म्हणू शकेल, 'जे कारण सांगतोय ते तपासून बघता येईल असं आहे. पण ठरवताना फक्त तेवढंच चाललं होतं, असं छातीठोक सांगता येणार नाही.' शिंद्यांना हे आवडणार नाही. न आवडू दे.

शुद्धलेखन_मावशी

मधेच बोलते. तुमच्या नानाने 'सांगतोय' म्हटलं आणि तो पुरुष झाला. इंग्रजीत ही अडचण नाही, आपल्याकडे 'मी येतो' की 'मी येते' हे तोंड उघडताच ठरतं. सुटका आहे. 'मला दिसतंय', 'मी टिपण वाचलं', 'मी कळवीन' यांत लिंग येत नाही. इतरांनी 'नाना म्हणाला' म्हणावं, खुशाल. पण त्याने स्वतःबद्दल बोलताना या तीन वाटांनीच जावं. वाचकाला नेमकं कळणार नाही, पण काहीतरी वेगळं खटकत राहील.

महापे_बस

मावशी, चाळीस पानं असं लिहिलं तर तो सरकारी पत्रासारखा वाटेल. 'कळवीन', 'दिसतंय', 'वाचलं'. ताई पुन्हा पहिल्या खर्ड्यावर येतील.

शुद्धलेखन_मावशी

लिहिणाऱ्याचा हात चांगला असेल तर नाही येणार. वरचा पंपाचा उतारा पुन्हा वाच, त्यात नाना स्वतःबद्दल कुठेही 'तो' नाही आणि 'ती'ही नाही. खटकलं का?

महापे_बस

नाही खटकलं. पण तो दहा ओळींचा आहे.

ऐरोलीवाली

दोघांचंही पटतंय, म्हणजे पंचाईत. आधी मावशींच्या पद्धतीने एक प्रकरण लिहून बघते. टिपणांची कल्पना घेतलीच. आता प्रत्येक प्रकरण टिपणानेच सुरू होईल. एक अडलंय: शिंदे गेल्यावर त्या पाळीचं शेवटचं टिपण नाना काय लिहील? आई वर पोचली की नाही हे त्याला अजून कळलेलं नाही.

घोडबंदर_रात्रपाळी

मग तेच लिहू द्या, 'कळलेलं नाही, विचारून घे.' बाकी पाणीपातळी.

सिडकोचा_जुना_माणूस

आणि त्यात फिरता पंप किती वाजता निघाला ते टाका. ट्रॉलीवरचा डिझेल पंप पावसात पाम बीच रोडने नेणं म्हणजे मिनिटांचं काम नाही. शिवाय बेलापूरची झडप उघडी राहिली असेल तर आधी कचरा काढायला हवा, नाहीतर पंप खाडीच उपसत बसेल. तिथेही कुणीतरी टॉर्च घेऊन गेला पाहिजे. ते लिहिलंय का?