गच्चीवरचा पाऊस की टँकर? 64 फ्लॅटच्या सोसायटीचा हिशेब

सचिव_बीविंग

पुण्याच्या पश्चिमेला आमची सोसायटी आहे. आठ मजल्यांच्या दोन इमारती, 64 फ्लॅट. महापालिकेचं पाणी पुरत नाही. गेल्या वर्षी 10,000 लिटरचे सुमारे 605 टँकर घेतले: 15 फेब्रुवारी ते 15 जून रोज तीन, 1,500 रुपये दराने, बाकी वर्षभर रोज एक, 1,000 रुपयांनी. बिल झालं 7,85,000. एका ठेकेदाराने 4,60,000 चं कोटेशन दिलंय. दोन्ही गच्च्यांचं (मिळून 800 चौरस मीटर) पाणी दोन बोअरमध्ये सोडायचं. दोन वर्षांत टँकर बंद होतील म्हणतो. पुढच्या महिन्यात सर्वसाधारण सभा आहे. हो म्हणावं का?

गणितातला_मावळा

डोळे झाकून हो म्हणा. पुण्याचा पाऊस वर्षाला साधारण 720 मिलिमीटर. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पडला की एक लिटर, म्हणजे तुमच्या गच्च्यांवर 5,76,000 लिटर. झाले 57 टँकर. 1,500 ने 85,500 रुपये. साडेपाच वर्षांत पैसे वसूल, पुढे सगळं फुकट. शिवाय पावसाचं पाणी, सोलर, गांडूळखत यांपैकी एक केलं तर पुणे महापालिका मिळकत करात 5 टक्के सूट देते, दोन केली तर 10. टँकरला दिलेला पैसा गेला तो गेलाच.

खजिनदार_काका

आमच्या सोसायटीचे हिशेब मी नऊ वर्षं बघतोय, म्हणून स्पष्ट लिहितो. 57 टँकर 1,500 ने मोजलेत, पण पाऊस मे महिन्यात पडत नाही. तो पडतो तेव्हा टँकरचा दर 1,000 असतो. दुसरं, करातली सूट फ्लॅटधारकाच्या बिलात जाते, सोसायटीच्या खात्यात नाही. ज्या फंडातून 4,60,000 जाणार, त्यात एक रुपयाही परत येत नाही. तिसरं, 605 मधले 57 वाचले तरी 548 टँकर आणावेच लागणार. ‘टँकर बंद होतील’ हे वाक्य कोटेशनवर लेखी मागा, बघा देतो का.

या पैशात आधी गळके फ्लश आणि ओव्हरफ्लो होणाऱ्या टाक्या दुरुस्त करा. आम्ही फक्त वरच्या टाक्यांचे बॉल व्हॉल्व्ह बदलले आणि त्या उन्हाळ्यात फरक दिसला.

रत्नागिरीकर

आम्ही बंगल्याच्या कौलांचं पाणी पन्हळीने थेट विहिरीत सोडलं. खर्च 18,000 फक्त. पूर्वी एप्रिलमध्ये तळ दिसायचा, आता मे अखेरपर्यंत पंप चालतो. चार लाख कशाला लागतात तेच कळत नाही. ठेकेदार लुटतोय तुम्हाला.

भूजल_भटक्या

रत्नागिरीकर, तुमचं काम छान झालंय, पण तुमच्याकडे पाऊस पुण्याच्या चौपटीहून जास्त, घर एक आणि विहीर रुंद. इथे 64 घरं दोन छपरांखाली राहतात. माणशी 135 लिटर आणि घरटी चार माणसं धरली तर रोज साधारण 34,500 लिटर लागतात. वर्षभराचा गच्चीवरचा पाऊस म्हणजे या सोसायटीचं जेमतेम दोन आठवड्यांचं पाणी. उंच इमारतीत छप्पर कमी आणि तोंडं जास्त, त्याला इलाज नाही.

मी बावीस वर्षं बोअर आणि पुनर्भरणाची कामं करतोय. सचिवताई, कोटेशनमध्ये एका प्रश्नाचं उत्तर नाही: तुमची बोअर पाणी पिते का? पुण्याखाली काळा पाषाण आहे. सलग कडक थरात पाणी शिरायला जागा नसते. ते शिरतं भेगांत, मुरमात, दोन थरांमधल्या लाल मातीच्या पट्ट्यात. तुमच्या बोअरला तसली भेग लागली असेल तर ती पिईल, नाहीतर तोंडाशी आणून ठेवेल. वरून बघून हे कुणीही सांगू शकत नाही, मीसुद्धा.

म्हणून सही करण्याआधी एक टँकर खर्च करा. पिण्यालायक पाण्याचाच, कारण बोअरमध्ये गेलेली घाण बाहेर काढता येत नाही. पंप बंद ठेवून आधी पाण्याची पातळी मोजा. दोरीला वजन बांधून सोडलं तरी चालतं. मग पाइपने सावकाश पाणी सोडा आणि दर पाच मिनिटांनी पातळी लिहा. सहा इंची बोअरमध्ये मीटरला साधारण 18 लिटर मावतात. पाणी 60 मीटर खाली असेल तर वरची मोकळी जागा जेमतेम 1,100 लिटरची. त्याहून जास्त जे गेलं ते खडकात गेलं. 10,000 लिटर तीन तासांत गेले, तर ती बोअर तासाला 3,300 लिटर पिते.

आता पावसाकडे बघा. तासाला 30 मिलिमीटरची सर आली तर पाचवा भाग नुकसान वजा जाता दोन्ही गच्च्यांवरून 19,000 लिटर खाली येतात. दोन्ही बोअर मिळून 6,600 पितात असं धरलं, तर उरलेलं दोन तृतीयांश त्या तासात गटारात जातं. मोठ्या सरीतच खरं पाणी असतं आणि तेच निसटतं. त्यासाठी बोअरआधी साठवणीची टाकी हवी. कोटेशनमध्ये ती आहे का?

सचिव_बीविंग

टाकी नाही. दोन फिल्टर, पाइप, खोदाई आणि ‘रिचार्ज शाफ्ट’ एवढंच आहे. पातळी कुणी कधी मोजलेली नाही. 2011 साली भोगवटा पत्रासाठी बिल्डरने एक पुनर्भरण खड्डा केला होता, त्यावर आता पार्किंग आहे.

पाषाणवासी_ताई

मी वेगळं सांगते, कारण आम्ही बोअरचा नाद सोडला आणि पाणी थेट वापरायला घेतलं. 48 फ्लॅट, गच्ची 600 चौरस मीटर. पाऊस सुरू असतो तेव्हाही आपण टँकर मागवतोच ना? मग ते पाणी जमिनीत घालून परत उपसायचं कशाला? गच्चीवरून फिल्टरमधून हौदात, तिथून नेहमीच्या पंपाने वर.

चांगल्या 50 मिलिमीटर पावसाच्या दिवशी तुमच्या गच्च्यांवरून 32,000 लिटर येतील, म्हणजे जवळपास एका दिवसाची गरज. त्यामुळे लाखो लिटरची टाकी लागत नाही. आलं तसं वापरून संपतं.

पण पहिल्या वर्षी आमचं बहुतेक सगळं पाणी वाया गेलं आणि ते आमच्या चुकीमुळे. वॉचमन रोज संध्याकाळी सवयीने टँकर मागवायचा. हौद काठोकाठ भरलेला, रात्री धो धो पाऊस, आणि सगळं ओव्हरफ्लोच्या पाइपने रस्त्यावर. जुलैत एका रात्री मी छत्री घेऊन तिथे उभी होते. फिल्टरमधून नितळ पाणी येत होतं आणि दोन हातांवरच्या पाइपमधून बाहेर पडत होतं. दुसऱ्या दिवशी हौदाच्या आत 30,000 लिटरच्या पातळीवर लाल पट्टा मारला. जून ते सप्टेंबर पाणी पट्ट्याखाली गेल्याशिवाय टँकरला फोन करायचा नाही. खरा फायदा त्या पट्ट्याने झाला.

गणितातला_मावळा

मग फायर टँक वापरा की! बहुतेक सोसायट्यांत तो मोठा आणि कायम भरलेला असतो. नवी जागाच नको.

भूजल_भटक्या

तो कायम भरलेला असणं हेच त्याचं काम आहे. पावसासाठी जागा ठेवायची म्हणजे तो रिकामा ठेवायचा. आग लागली त्या दिवशी काय कराल? फायर टँकला हात लावू नका.

ताईंचा मार्ग तुमच्यासाठी मला जास्त बरा वाटतो. एक तपासणी मात्र पहिली करा. पावसाळी पाइपला कुणी ड्राय बाल्कनीचं पाणी जोडलंय का ते बघा. कोरड्या दिवशी, सकाळी कपडे धुवायच्या वेळी, प्रत्येक पाइपच्या तळाचं चेंबर उघडा. ओलावा दिसला, फेस दिसला, साबणाचा वास आला, की वर कुठेतरी वॉशिंग मशीनची नळी त्यात सोडलेली आहे. मी बघितलेल्या दर तीन इमारतींतल्या एकीत तरी हे सापडतं. तो पाइप दुरुस्त होईपर्यंत हौदाला किंवा बोअरला जोडायचा नाही.

पहिल्या सरीचं पाणीही सोडून द्यायचं. गच्चीवर कबुतरं बसतात. निदान पहिला एक मिलिमीटर, म्हणजे तुमच्याकडे 800 लिटर, बाजूला जाऊ द्या. हे पाणी पिण्यासाठी मोजू नका. फ्लश, धुणंभांडी, गाड्या यांनाच ठेवा. वर फ्लशची टाकी वेगळी आहे का तुमच्याकडे?

सचिव_बीविंग

फ्लशला वेगळी लाइन आहे, सध्या बोअरवर. म्हणजे हिशेब असा ना: 5,76,000 मधून पाचवा भाग उडाला, पहिल्या सरी गेल्या, थोडं ओव्हरफ्लो झालं. साधारण 40 टँकर. हजाराने 40,000 रुपये?

भूजल_भटक्या

बरोबर. फिल्टर, पाइप जोडणी आणि पहिल्या सरीचे व्हॉल्व्ह एवढंच काम असेल तर मोठी खोदाई टळते. दीड लाखाच्या आत बसतंय का ते विचारा. बसलं तर चार वर्षांत वसूल. फिल्टरची जाळी पावसाळ्यात दर आठवड्याला धुवायची, आणि ते काम कुणाचं हे सभेतच नावानिशी ठरवा. न धुतलेली जाळी तुंबते, मग पाणी गच्चीवर साचतं आणि आठव्या मजल्याचं छत गळतं. त्यानंतर यंत्रणा कायमची बंद.

खजिनदार_काका

एवढं असेल तर माझा विरोध मावळला, पण अर्धाच. 7,85,000 मधून 40,000, म्हणजे शंभरातले पाच रुपये. माझ्या मते आधी प्रत्येक फ्लॅटला मीटर. वापरेल त्याने भरावं.

पाषाणवासी_ताई

काका, जुन्या इमारतीत एका फ्लॅटला तीनचार ठिकाणांहून पाणी आत येतं. आम्ही मीटरचा दर काढला तेव्हा घरटी चार मीटर निघाले आणि सभाच उधळली. शिवाय मीटर पाणी आणत नाही.

खजिनदार_काका

वापर कमी झाला तर तेही पाणी आणल्यासारखंच आहे. माझं मत कायम आहे.

भूजल_भटक्या

एक राहिलंच. टँकरचं पाणीही बहुतेक कुणाच्या तरी विहिरीतून किंवा बोअरमधून येतं. तुमच्या बोअर पाणी पितात असं चाचणीत निघालं, तर हौद भरल्यावरचं ओव्हरफ्लो गटाराऐवजी त्यांना द्या. पण ते तुमच्याच बोअरमधून उन्हाळ्यात परत मिळेल याची हमी नाही. खडकातली भेग शेजारच्या सोसायटीच्या बोअरलाही जोडलेली असते. हा खर्च सभासदांनी ते माहीत असून करावा असं मला वाटतं. ठेकेदार मात्र तो परतावा म्हणून विकतोय.

सचिव_बीविंग

रविवारी सकाळी आठ वाजता दोन्ही इमारतींची चेंबर उघडतोय. टँकरची चाचणी ए विंगच्या बोअरवर करू, ती उन्हाळ्यात आधी आटते. आकडे इथेच टाकते.

गणितातला_मावळा

दोन्ही बोअरवर करा. आधी आटणारी बोअर कमी पितेच असं नाही.

भूजल_भटक्या

हे मावळ्याचं बरोबर आहे.