मदत हवी आहे: अज्ञान नॉमिनीच्या वतीने विम्याचा क्लेम, पालकत्वाच्या आदेशावर अडलाय

माझ्या दिवंगत बहिणीच्या आयुर्विमा पॉलिसीत तिची ११ वर्षांची मुलगी नॉमिनी आहे. नॉमिनी अज्ञान असल्याने रक्कम स्वीकारायला बहिणीने नवऱ्याला अपॉइंटी नेमलं होतं, पण तो तिच्या आधीच गेला. नंतर नवा अपॉइंटी नोंदवला गेला नाही. मी मुलीचा मामा. जिल्हा न्यायालयाने मला पालक नेमलंय.

क्लेमच्या अर्जासोबत मी पालक म्हणून पत्र दिलं. त्यात मूळ पॉलिसी, बहीण आणि मेहुणे दोघांचे मृत्यू दाखले, मुलीचा जन्मदाखला व आधार, माझं आधार-पॅन, आदेशाची प्रमाणित प्रत आणि मुलीच्या नावच्या खात्याचा रद्द केलेला चेक असं सगळं नमूद केलंय. रक्कम त्याच खात्यात जमा करावी, माझ्या नव्हे, हेही स्पष्ट लिहिलंय.

शाखेत तोंडी सांगितलं की आदेशात मी फक्त मुलीच्या 'व्यक्तीचा' पालक आहे, 'मालमत्तेचा' नाही, म्हणून पैसे देता येणार नाहीत. लेखी कारण मागितलं, अजून मिळालं नाही. मुलीच्या आजी-आजोबांची हरकत नाही, त्यांची प्रतिज्ञापत्रं तयार आहेत. ती १८ वर्षांची होईपर्यंत थांबणं शक्य नाही, तिचा शिक्षणखर्च यावरच आहे.

अशा प्रसंगातून गेलेल्यांनी किंवा वकिलांनी कृपया सांगावं: प्रतिज्ञापत्रं आणि हमीपत्र जोडून याच आदेशावर क्लेम मंजूर झाल्याचा कुणाला अनुभव आहे का? नसेल, तर त्याच न्यायालयात आदेशात दुरुस्ती मागायची की मालमत्तेच्या पालकत्वासाठी वेगळा अर्ज करायचा?